जड स्क्वॉटआधीचे वॉर्म-अप सेट: किती सेट, केवढी उडी, किती रेप्स? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगावात एका लहानशा जिममध्ये मी संध्याकाळची बॅच घेतो. रॅक एकच, पोरं बरीच. तेच तेच प्रश्न रोज कोणीतरी विचारतं, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. हे सगळं पाठीवर रॉड घेऊन मारायच्या स्क्वॉटबद्दल आहे. बेंच प्रेसचं गणित थोडं वेगळं असतं.

सायकल दामटत जिमला येतो, घाम आलेलाच असतो. मग वॉर्म-अप सेट कशाला?

घाम येणं हा वॉर्म-अपचा पहिला भाग, आणि तो सायकलवर झाला हे खरं. पण शरीर गरम झालं म्हणजे स्क्वॉटची तयारी झाली असं नाही. खाली पूर्ण बसताना कंबर, मांडीचा सांधा आणि घोटा एका ठरावीक कोनात यावे लागतात. रॉड पाठीवर नेमका कुठे टेकतो, पाय किती अंतरावर ठेवायचे, श्वास कधी भरायचा, हे अंगाला रोज नव्याने आठवून द्यावं लागतं. शिवाय १४० किलो पाठीवर आल्यावर पोट आणि पाठ किती आवळायची याचा अंदाज ६० किलोवर येत नाही. तो ११०, १२५ असा चढत गेल्यावरच येतो.

म्हणजे या सेटांची कामं दोन: हालचाल बसवणं आणि वजनाची सवय करणं. दोन्ही कामं दमवणारी नाहीत, दमवणारी असूही नयेत. खालची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

एक पूर्ण उदाहरण द्या. मला १४० किलोचे ५-५ रेप्सचे तीन सेट मारायचे आहेत.

रॉड २० किलोचा धरू.

नुसता रॉड: ८ रेप्स, दोनदा
६० किलो: ५ रेप्स
९० किलो: ३ रेप्स
११० किलो: २ रेप्स
१२५ किलो: १ रेप
मग १४० किलो: ५ रेप्स, तीन सेट

प्लेटांच्या भाषेत सांगायचं तर ६० म्हणजे दोन्हीकडे एकेक वीसची. ९० ला वर पंधराची, ११० ला दहाची, १२५ ला पाच आणि अडीच. १४० करताना बाहेरची पाच आणि अडीच काढायची आणि पंधराची चढवायची. वीसची प्लेट एकदा आत गेली की शेवटपर्यंत हलवायची नाही. एकट्याने व्यायाम करणाऱ्याला या मांडणीचा फायदा लगेच कळतो, कारण रोजची निम्मी दमछाक प्लेटा काढण्या-घालण्यातच होते.

नुसत्या रॉडचा पहिला सेट मी मुद्दाम सावकाश मारायला लावतो. तळाशी एक-दोन सेकंद थांबायचं, टाच उचलते का पाहायचं, गुडघे आत येतात का पाहायचं. दुसरा सेट नेहमीच्या वेगाने.

वजनाच्या उड्या सुरुवातीला मोठ्या आणि शेवटी लहान, असं का?

वरच्या क्रमात उड्या अशा आहेत: ४०, ३०, २०, १५, १५. २० वरून ६० वर गेलात तरी ६० हे तुमच्या मुख्य वजनाच्या निम्म्याहून कमी आहे. अंगाला ते कळतही नाही, तिथे पायऱ्या वाढवून काय मिळणार? पण ११० वरून थेट १४० वर गेलात तर रॅकमधून रॉड उचलताक्षणीच धक्का बसतो. पाठ हवी तेवढी आवळलेली नसते, पाय मागे टाकताना एक पाऊल जास्त पडतं आणि पहिली रेप अर्धी घाबरत मारली जाते. पाचच्या सेटमधली पहिलीच रेप बिघडली की उरलेल्या चार तिची भरपाई करत जातात.

आकडे पाठ करायला मी सांगत नाही. पण ठोकताळा हवाच असेल तर पहिला थांबा मुख्य वजनाच्या ४०–४५ टक्क्यांवर, मग ६५ च्या आसपास, मग ७५–८०, आणि शेवटचा साधारण ९० वर. वजन प्लेटांत सहज बसेल असं दोन-चार किलोंनी इकडे-तिकडे करा. ९१ टक्के गाठण्यासाठी सव्वा किलोच्या प्लेटा शोधत फिरू नका.

वॉर्म-अपला इतक्या कमी रेप्स? आम्हाला तर १२-१०-८-६ असं शिकवलं होतं.

या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त सेट इथेच वाया जातात.

आमच्याकडे रावेरकडचा एक पोरगा येतो. दिवसभर केळीच्या गाड्या भरण्याचं काम, अंगात ताकद भरपूर. त्याचा १४० चा सेट तिसऱ्या रेपला अडायचा. तीन आठवडे तेच चाललं होतं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "भाऊ, आज बी जड लागी राहिनं." मी म्हटलं, १४० चं राहू दे, त्याआधी काय काय मारलंस ते सांग. त्याने सांगितलं: ६० च्या १२, ९० च्या १०, ११० च्या ८, १२५ च्या ५.

वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला. ७२० अधिक ९०० अधिक ८८० अधिक ६२५, म्हणजे ३,१२५ किलो. १४० चा पाचचा एक सेट म्हणजे ७०० किलो. म्हणजे खऱ्या कामाला हात लावायच्या आधीच गडी जवळजवळ साडेचार सेटांएवढं वजन उचलून बसलेला, आणि त्यातल्या १२५ च्या पाच रेप्स तर चांगल्याच जड. मी वर दिलेल्या क्रमाचा हिशेब लावा: ३०० अधिक २७० अधिक २२० अधिक १२५, म्हणजे ९१५. तिपटीहून जास्त फरक.

त्याला नवा क्रम दिला तेव्हा त्याला ती फसवणूकच वाटली. १२५ ची एकच रेप मारून रॉड ठेवताना तो दोनदा माझ्याकडे पाहत होता. त्या दिवशी १४० च्या ५, ५ आणि ४ झाल्या. ताकद एका रात्रीत वाढत नाही. ती आधीपासून होतीच, वॉर्म-अपमध्ये खर्च होत होती.

१२-१०-८-६ ही पद्धत चुकीची नाही, पण तिचा हेतू वेगळा. मांडीला भरपूर काम द्यायचं असेल आणि शेवटचं वजन मध्यम असेल तर ती चालते. तिथे प्रत्येक सेट हाच मुख्य सेट असतो. जड पाच, जड तीन किंवा एक रेप मारायची असेल तेव्हा रेप्स वजनाच्या उलट दिशेने झपाट्याने उतरल्या पाहिजेत: ५, ३, २, १.

माझं मुख्य वजन ५० किलोच आहे. मीही सहा सेट करू?

नको. नुसता रॉड दोनदा, मग ३५ च्या ४, ४५ च्या २ आणि थेट ५०. २० आणि ५० मध्ये अंतरच तीस किलोचं, त्यात पायऱ्या तरी किती बसवणार? नव्याने शिकणाऱ्यांनी मात्र रॉडचा तिसरा सेट मारला तर मी अडवत नाही. त्यांना सरावाची गरज आहे आणि २० किलोने कोणी थकत नाही.

आणि २०० मारणाऱ्याला?

रॉड, ७० च्या ५, ११० च्या ४, १४० च्या ३, १६५ च्या २, १८५ ची १, मग २००. उड्या ५०, ४०, ३०, २५, २०, १५. वजन वाढलं की पायऱ्या वाढतात, रेप्स नाही. एवढं वजन मारणारे हा प्रश्न विचारत नाहीत म्हणा, पण आमच्या बॅचमधली पोरं त्यांच्या वतीने विचारतात.

पाच नाही, एकच जड रेप मारायची असेल तर?

तर वरच्या टोकाला एक पायरी जास्त लागते. समजा १५० ची एक रेप मारायची आहे. १२५ पर्यंत वरचाच क्रम ठेवा, मग १४० ची एक रेप, मग १५०. पाचच्या सेटमध्ये पहिली रेप थोडी डळमळली तरी दुसऱ्या रेपला सावरता येतं. एका रेपमध्ये सावरायला जागाच नाही, म्हणून शेवटची उडी लहान लागते.

दोन सेटांमध्ये किती वेळ थांबायचं?

रॉड आणि ६० च्या वेळी प्लेटा चढवायला लागतो तेवढाच वेळ पुरतो. ९० नंतर दीड-दोन मिनिटं, ११० नंतर दोन-अडीच. १२५ नंतर पूर्ण चार मिनिटं. "एकच तर रेप मारली, थांबायचं कशाला?" असं म्हणून पोरं लगेच १४० खाली शिरतात. त्या एका रेपमध्ये दम लागलेला नसतो हे खरं, पण थोड्या वेळात जोर काढायला स्नायूत जो साठा लागतो तो भरायला काही मिनिटं जातातच. मोबाइल बघण्यात चाराचे दहा झाले तर मात्र अंग परत थंड पडतं.

शेवटचा १२५ चा वॉर्म-अप जड गेला. आता काय?

आधी कसा जड गेला ते ठरवा. यात दोन प्रकार असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रकार: रॉड वाकडा गेला. वजन पंजांवर आलं, एक गुडघा आत गेला किंवा खाली पूर्ण बसलाच नाहीत. ही हालचालीची चूक. अशा वेळी दोन-तीन मिनिटं थांबून १२५ ची आणखी एक रेप मारा. नीट बसली तर ठरल्याप्रमाणे १४०.

दुसरा प्रकार: हालचाल सरळ होती, पण वर येताना रॉड हळू आला. रोज जी रेप झटक्यात वर येते ती आज रेंगाळली. हे शरीराचं उत्तर आहे. १२५ परत मारून ते बदलत नाही, उलट आणखी दमायला होतं. झोप झालेली नसते, दिवसभर शेतात पाणी भरलेलं असतं, कधी कारण सापडतही नाही. अशा दिवशी १३० च्या पाच-पाच मारा आणि वहीत तसं लिहून ठेवा. पुढच्या वेळी परत १४०.

हा फरक डोळ्याने ओळखायला अवघड जात असेल तर मोबाइल बाकावर उभा करून बाजूने व्हिडिओ घ्या. चार-पाच दिवसांचे १२५ चे व्हिडिओ एकापाठोपाठ पाहिले की रेंगाळलेली रेप लगेच दिसते. म्हणूनच वॉर्म-अपचे आकडे रोज तेच ठेवावेत. आज १२०, उद्या १२७.५ असं केलं तर तुलना कशाशी करणार?

बेल्ट कधीपासून बांधायचा?

११० पासून, आणि मुख्य सेटला जे भोक वापरता त्याच भोकावर. पहिल्यांदाच १४० ला बेल्ट बांधला तर पोट कुठे दाबायचं हे शोधण्यात पहिली रेप जाते. रॉड, ६० आणि ९० बेल्टशिवाय.

आखाड्यात जायचो तेव्हा आधी शंभर बैठका मारायचो. आता त्या सोडू का?

सगळ्या सोडू नका, वीस ठेवा. बैठकीत टाचा उचलतात, गुडघे बरेच पुढे जातात आणि अंग छान मोकळं होतं. पण रॉड पाठीवर असताना टाच जमिनीला चिकटलेली लागते, त्यामुळे बैठक ही स्क्वॉटची तालीम होत नाही, फक्त गरम होण्याचा व्यायाम होतो. वीस बैठकांनी अंग गरम होतं आणि शंभरांनी मांडी भरून येते. शंभरच मारायच्या असतील तर १४० च्या सेटांनंतर मारा. तेव्हा माझी काही हरकत नाही, तुमची असेल.

ताण देण्याबद्दलही थोडक्यात सांगतो. पाय बाकावर ठेवून मिनिटभराहून जास्त एकाच जागी ताणत बसलात तर लगेच नंतर जोर थोडा कमी लागतो. दहा-पंधरा सेकंद ताणलं तर बिघडत नाही.

मे महिन्यात ४४-४५ डिग्री तापमान असतं. तेव्हा वॉर्म-अप कमी केला तर चालेल?

सायकल, बैठका, दोरीवरच्या उड्या हे कमी करा. पत्र्याखालच्या जिममध्ये तर पूर्ण सोडलं तरी चालेल, कारण स्नायू आधीच गरम असतात. पण ६०, ९०, ११०, १२५ या पायऱ्या तशाच ठेवा. उन्हाने अंग तापतं, १४० ची सवय उन्हाने होत नाही. मे महिन्यात मी फक्त थांबण्याचा वेळ वाढवतो आणि पाण्याची बाटली रॅकपाशी ठेवायला लावतो. हात घामाने निसटत असतील आणि रॉड पाठीवरून घसरत असेल तर पाठ आणि रॉड दोन्ही पुसून मगच सेट सुरू करा.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटेचं तापमान एक आकडी होतं तेव्हा उलट करा. पाच-सात मिनिटं अंग गरम करा, रॉडचे तीन सेट मारा आणि स्वेटर ९० पर्यंत अंगावर ठेवा. ६० चे पाचचे दोन सेट केले तरी काही खर्च होत नाही. वरच्या पायऱ्या मात्र तेवढ्याच.

रॅक एकच आहे आणि मित्राचं वजन माझ्याहून कमी आहे. क्रम कसा जुळवायचा?

समजा तुमचं १४० आणि त्याचं १००. दोघांनी ६० च्या पाच मारा. मग ९० ऐवजी ८० लावा आणि दोघांनी तीन-तीन मारा. तुमचा थांबा दहा किलोंनी खाली आला, त्याने काही अडत नाही. नंतर ९० ची एक रेप त्याने मारायची, पाठोपाठ १०० चा त्याचा पहिला मुख्य सेट, आणि मग तुम्ही ११० व १२५. प्लेटा बदलण्यात जो वेळ जातो तीच विश्रांती. पायऱ्या थोड्या हलल्या तरी चालतात, मात्र शेवटची उडी मोठी होऊ देऊ नका.

घाईत प्लेटा बदलताना मोजून घ्या. एकदा मी स्वतः एका बाजूला वीसची आणि दुसऱ्या बाजूला पंधराची लावून ९० समजून रॉड उचलला. दोन्ही प्लेटांचा काळा रंग उडालेला, आकडे दिसत नव्हते. पहिल्याच पावलाला अंग एका बाजूला ओढलं गेलं, म्हणून लगेच परत ठेवला. तेव्हापासून रॉडखाली शिरण्याआधी दोन्ही टोकं मोठ्याने वाचायची, हा आमच्या बॅचचा नियम आहे. आणि उतरवताना एकाच बाजूच्या सगळ्या प्लेटा काढायच्या नाहीत. रॉड दुसऱ्या बाजूला उलटतो आणि शेजारी उभा असलेला पोरगा दवाखान्यात जातो.

वॉर्म-अपमध्ये गुडघा दुखतो, पण नंतर थांबतो. चालू ठेवू?

हलकी कुरकुर असेल आणि रॉड, ६०, ९० असं करत ती कमी होत गेली तर चालू ठेवा, मात्र रॉडचा एक सेट वाढवा. पायरीगणिक दुखणं वाढत असेल, एका बोटाने दाखवता येईल अशी टोचणी असेल किंवा कमरेतून पायात कळ उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर त्याच पायरीवर थांबा. त्या दिवशी १४० नाही. कळ आणि मुंग्यांसाठी डॉक्टर गाठा, जिममधला अनुभवी माणूस नाही.

आमच्या जिममधला रॉड खरंच २० किलोचा आहे का?

बऱ्याचदा नसतो. स्पर्धेतला रॉड २० किलोचा, आणि त्याला अडीच-अडीच किलोच्या दोन कॉलर लागल्या की प्लेट चढायच्या आधीच २५ होतात. गावोगावच्या जिममधले रॉड मात्र लोहाराकडून किंवा दुकानातून आलेले, दिसायला तेवढेच लांब आणि वजनाला हलके. रोज एकाच रॉडवर मारत असाल तर वॉर्म-अपच्या क्रमाला फरक पडत नाही, कारण चूक प्रत्येक पायरीवर सारखीच असते. फरक दुसऱ्या जिममध्ये किंवा स्पर्धेला गेल्यावर पडतो. वहीतले १४० तिथे अचानक जड होतात आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

आम्ही आमचा रॉड दोघांनी खांद्यावर घेऊन शेजारच्या धान्याच्या दुकानात नेला. शेठ हसले, पण गव्हाचं पोतं बाजूला सारून काटा मोकळा करून दिला. १६ किलो ४०० ग्रॅम भरला. आता रॅकमागच्या भिंतीवर खडूने "रॉड १६.४" असं लिहून ठेवलंय आणि नवीन पोरगा आला की त्याची वही तिथून सुरू होते.